सोसायटीची नोटीस तपासताना: सहा वाक्ये आणि प्रत्येक दुरुस्तीमागचे कारण

कोजागिरी जवळ आली की नाशिकच्या सोसायट्यांमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. गच्चीवर मसाला दुधाची तयारी सुरू होते आणि लिफ्टशेजारच्या फलकावर नोटीस लागते. दूध बहुधा छान जमते. नोटीस मात्र कोणीतरी ऑफिसला जाता जाता मोबाइलवर टाइप करतो, सेक्रेटरी तिच्यावर एक नजर टाकतात आणि ती तशीच छापली जाते. मग दोन दिवस सगळे ती वाचतात. काहीतरी खटकते, पण नेमके काय चुकले ते बोट ठेवून कोणालाच सांगता येत नाही.

हा लेख त्या बोट ठेवण्याविषयी आहे. खाली सहा वाक्यांची एक नोटीस दिली आहे. ती कोणत्याही खऱ्या सोसायटीची नाही, तपासणीसाठी मी स्वतः तयार केली आहे. पण तिच्यातली प्रत्येक चूक इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत कुठल्याही बिल्डिंगच्या फलकावर सापडेल अशीच आहे.

१. सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या सोसायटीची वार्षिक सभा व कोजागिरीचा कार्यक्रम रविवारी सायंकाळी गच्चीवर आयोजित केली आहे.

२. ज्या सभासदांनी देखभालीचे पैसे अजून भरले नाही, त्यांनी ते सभेपूर्वी भरावे.

३. मागील महिन्यात वॉचमनने गच्चीचे कुलूप तोडणाऱ्या तीन मुलांना पकडली होती, म्हणून लहान मुलांना एकटे वर पाठवू नये.

४. रविवारी पाण्याची टाकी साफ करून दुपारी तीन नंतर पाणी येईल.

५. जिना चढतांना तरुणांनी ज्येष्ठ नागरिकांची मदत करावी.

६. मसाला दूधाचे पास सेक्रेटरी कडे भेटतील.

पुढे वाचण्याआधी एकदा स्वतः पेन्सिल घेऊन बसा. बहुतेक जण सहाव्या वाक्यातले ‘दूधाचे’ आणि पाचव्यातले ‘चढतांना’ आधी पकडतात, कारण शाळेत शुद्धलेखनाचेच गुण कापले जायचे. पण तपासणीची सुरुवात ह्रस्व-दीर्घापासून करू नये. एखादे वाक्य मुळातच विस्कटलेले असेल, तर ते नव्याने बांधावे लागते. मग आधी घासूनपुसून ठेवलेला शब्द त्या वाक्यात उरेलच असे नाही. शिवाय दुसरे वाक्य पाहा. त्यातला एकूण एक शब्द शुद्ध आहे. संगणकावरचा शब्दतपासनीस त्याखाली एकही लाल रेघ ओढणार नाही, तरीही वाक्य चुकलेले आहे.

म्हणून मजकूर तीनदा वाचायचा. पहिल्यांदा फक्त क्रियापदासाठी, दुसऱ्यांदा कोण काय करतो आहे यासाठी आणि शेवटी अक्षरांसाठी.

पहिले वाचन: क्रियापद कोणाचे ऐकते?

मराठी क्रियापद वाक्यातल्या कोणत्या तरी एका शब्दाच्या लिंगावचनाप्रमाणे बदलते किंवा कोणाचेच ऐकत नाही. नेमके कोणाचे ऐकते, हे कळले की निम्म्याहून अधिक चुका आपोआप दिसतात. ते ओळखायची युक्ती सोपी आहे. वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारा. मग कर्ता आणि कर्म शोधून त्यांना ‘ने, नी, ला, ना’ यांपैकी काही लागले आहे का ते पाहा. ज्याला प्रत्यय लागला तो शर्यतीतून बाद. जो बिनप्रत्ययाचा उरतो, क्रियापद त्याच्यामागे जाते.

‘काका द्राक्षे आणतात.’ इथे काकाही बिनप्रत्ययाचे आहेत आणि द्राक्षेही, पण कर्ता मोकळा असला की क्रियापद त्याचेच ऐकते. हा कर्तरी प्रयोग. ‘काकांनी दिंडोरीहून द्राक्षे आणली.’ आता काकांना ‘नी’ लागला आणि द्राक्षे मोकळी राहिली, म्हणून ‘आणली’. त्याच काकांनी कांदा आणला, भाजी आणली, पेरू आणले. काका तेच, पण क्रियापद प्रत्येक वेळी पिशवीतल्या वस्तूप्रमाणे बदलते. हा कर्मणी प्रयोग. आणि ‘काकांनी मुलींना आणले’ या वाक्यात कर्त्याला ‘नी’ आहे, कर्माला ‘ना’ आहे, मोकळे कोणीच नाही. अशा वेळी क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन उभे राहते: आणले. मुलगी असो, मुलगे असोत, दहा जणी असोत, ‘आणले’ ते ‘आणले’च. हा भावे प्रयोग.

आता तिसरे वाक्य घ्या, कारण तिथे हे सगळे एका जागी दिसते. ‘वॉचमनने तीन मुलांना पकडली होती.’ वॉचमनला ‘ने’ आहे, मुलांना ‘ना’ आहे. मोकळे कोणीच नाही, म्हणून क्रियापद ‘पकडले होते’ असेच हवे. मग लिहिणाऱ्याच्या हातून ‘पकडली होती’ आले कुठून? बहुधा त्याच्या मनात ‘तीन मुले पकडली होती’ असे वाक्य होते, आणि तेही बरोबरच आहे. तिथे ‘मुले’ मोकळी आहेत, नपुंसकलिंगी अनेकवचनी आहेत, म्हणून ‘पकडली’. लिहिता लिहिता ‘मुले’चे ‘मुलांना’ झाले आणि क्रियापद जुन्याच वाक्यातले राहिले. अर्धे वाक्य एका साच्यातले आणि अर्धे दुसऱ्या साच्यातले, असा हा प्रकार आहे. दुरुस्ती करताना दोन्हींपैकी कोणताही एक साचा निवडता येतो. माणसांबद्दल, त्यातही ठरावीक माणसांबद्दल बोलताना मराठी कर्माला ‘ला, ना’ लावणे पसंत करते, म्हणून मी ‘मुलांना पकडले होते’ हेच ठेवीन.

वस्तूंच्या बाबतीत उलट होते. ‘टाकीला साफ केले’, ‘खुर्च्यांना मांडले’ अशी वाक्ये हल्ली कानावर येतात. त्यात प्रयोगाची चूक नाही, कारण क्रियापद नियमाप्रमाणे ‘केले’ झाले आहे. पण निर्जीव वस्तूला असा ‘ला’ लावणे मराठीला सहसा रुचत नाही. ‘टाकी साफ केली’, ‘खुर्च्या मांडल्या’ एवढे पुरते. हा हिंदी वळणाचा परिणाम आहे आणि तपासताना मी तो बिनदिक्कत काढतो.

दुसऱ्या वाक्यातली चूक अधिक छुपी आहे. ‘ज्या सभासदांनी पैसे भरले नाही.’ सभासदांना ‘नी’ आहे, पैसे मोकळे आहेत, ‘भरले’ पैशांप्रमाणे आहे. इथवर ठीक. घोळ ‘नाही’मध्ये आहे. पैसे अनेकवचनी आहेत, म्हणून ‘भरले नाहीत’ हवे. ही चूक इतकी का होते, तर ‘भरले’ हे रूप दुहेरी आहे. ‘बिल भरले’ यात ते नपुंसकलिंगी एकवचन असते आणि ‘पैसे भरले’ यात पुल्लिंगी अनेकवचन. दोन्ही दिसायला सारखीच. त्यामुळे ‘बिल भरले नाही’ आणि ‘पैसे भरले नाहीत’ यांतला फरक फक्त त्या शेवटच्या ‘त’वर टिकून असतो, आणि बोलताना तो ‘त’ आपण सर्रास गिळतो. तपासताना मनातल्या मनात नकार काढून होकार घालून पाहा: ‘पैसे भरले आहेत’ की ‘पैसे भरले आहे’? ‘आहेत’ येत असेल, तर तिथे ‘नाहीत’ यायलाच हवे. ‘पाहुणे आले नाहीत’, ‘द्राक्षे पोहोचली नाहीत’, ‘पाहिजेत तेवढ्या खुर्च्या आल्या नाहीत’ ही सगळी त्याच घरातली.

त्याच वाक्याचा उत्तरार्ध ‘त्यांनी ते सभेपूर्वी भरावे’ असा आहे. ‘ते’ म्हणजे पैसे, म्हणून ‘भरावेत’ केलेले बरे. ‘भरावे’ला थेट चूक म्हणणार नाही, ते रूपही अनेकवचनी म्हणून चालत आले आहे. पण पहिल्या भागात ‘नाहीत’ लिहिल्यावर दुसऱ्या भागात ‘भरावेत’ लिहिले की वाचणाऱ्याला ‘ते’ कशाबद्दल आहे, हे शोधावे लागत नाही. दुरुस्ती आणि सुधारणा यांतला हा फरक समासात नोंदवून ठेवायची सवय लावा. मजकूर ज्याचा आहे त्याला कोणती गोष्ट मान्य करावीच लागेल आणि कोणती त्याच्या मर्जीवर आहे, हे कळते आणि वादही कमी होतात.

पहिले वाक्य आता सोपे वाटेल, पण त्यात एक गाठ आहे. ‘सभा व कार्यक्रम आयोजित केली आहे.’ आयोजित करणारा वाक्यात नाही, म्हणजे क्रियापदाला ऐकायला सभा आणि कार्यक्रम हीच दोन नामे उरतात. सभा स्त्रीलिंगी, कार्यक्रम पुल्लिंगी. लिहिणाऱ्याने सभेचे ऐकले आणि कार्यक्रमाला विसरला. निर्जीव नामे वेगवेगळ्या लिंगांची असली की मराठीत दोन वाटा असतात. एक, क्रियापद नपुंसकलिंगी अनेकवचनी करायचे: ‘सभा व कार्यक्रम आयोजित केली आहेत.’ दोन, शेवटच्या, म्हणजे क्रियापदाला सर्वांत जवळच्या नामाचे ऐकायचे: ‘सभा व कार्यक्रम आयोजित केला आहे.’ दोन्ही व्याकरणात बसतात आणि खरे सांगायचे तर दोन्ही थोडी अवघडल्यासारखी वाटतात. पहिल्यात ‘केली आहेत’ वाचताना कोणी केली, काय केली असे क्षणभर अडखळायला होते. दुसऱ्यात सभा बिचारी उपरी वाटते.

अशा ठिकाणी माझे मत स्पष्ट आहे: नियमाशी झटापट करू नका, वाक्य मोडा. ‘आपल्या सोसायटीची वार्षिक सभा रविवारी सायंकाळी गच्चीवर होईल. सभेनंतर तिथेच कोजागिरीचा कार्यक्रम होईल.’ प्रत्येक नामाला स्वतःचे क्रियापद मिळाले, आणि आधी काय, नंतर काय हेही लोकांना कळले. मूळ वाक्यात ते नव्हतेच. जाता जाता ‘की’नंतरचा स्वल्पविरामही काढून टाका, त्याची गरज नाही.

या युक्तीला जे अपवाद आहेत, ते ठाऊक नसतील तर तुम्ही बरोबर वाक्ये चुकीची करून ठेवाल. पहिला अपवाद ‘मी, तू, आम्ही, तुम्ही’ यांचा. ‘मी पोळी खाल्ली’ या वाक्यात ‘मी’ मोकळा दिसतो, पण वाक्यात असे कर्म असले की भूतकाळात तो मोकळा नसतो. या सर्वनामांना ‘ने’ दिसत नाही एवढेच. शंका आली तर ‘मी’च्या जागी ‘त्याने’ घाला. ‘त्याने पोळी खाल्ली’ चालते, तर ‘मी पोळी खाल्ली’ही चालते. दुसरा अपवाद काही ठरावीक क्रियापदांचा. शिकणे, विसरणे, बोलणे, पिणे यांना कर्म असूनही भूतकाळात ती कर्त्याचे ऐकतात: ‘ती धडा शिकली’, ‘तो छत्री विसरला’. इथे ‘त्याने छत्री विसरली’ अशी दुरुस्ती करणारे महाभाग मी पाहिले आहेत. ती दुरुस्ती नाही.

दुसरे वाचन: कोण काय करतो आहे?

चौथे वाक्य: ‘टाकी साफ करून दुपारी तीन नंतर पाणी येईल.’ शब्दशः वाचा. टाकी साफ कोण करणार? आणि येणार कोण? ‘येईल’चा कर्ता पाणी आहे. ‘करून’ या रूपाला स्वतःचा कर्ता नसतो, ते पुढच्या मुख्य क्रियापदाचा कर्ता उसना घेते. म्हणजे या वाक्याप्रमाणे पाणीच टाकी साफ करणार आणि मग नळाला येणार. अर्थ लोकांना कळतो, हे खरे. कळतो तो मात्र आपल्याला टाकीची साफसफाई ठाऊक असते म्हणून. वाक्याचा त्यात काही वाटा नाही.

तपासायची रीत अशी: ‘ऊन’ असलेल्या प्रत्येक शब्दाला ‘कोणी?’ विचारा, मग मुख्य क्रियापदाला विचारा. दोन्ही उत्तरे एकच आली तर वाक्य ठीक. ‘आजी मंदिरात जाऊन आली’, दोन्हीकडे आजीच. उत्तरे वेगळी आली तर दोन उपाय आहेत. ‘करून’च्या जागी ‘झाल्यावर’ घाला, म्हणजे त्या भागाला स्वतःचा कर्ता मिळतो: ‘टाकी साफ झाल्यावर पाणी येईल.’ किंवा मुख्य क्रियापद असे बदला, की दोन्ही कामे एकाच हाताची ठरतील: ‘टाकी साफ करून पाणी सोडण्यात येईल.’ साफ करणारे आणि पाणी सोडणारे एकच आहेत, त्यांचे नाव वाक्यात नसले तरी चालते. नोटिशीत मी पहिला उपाय वापरीन. रहिवाशांना पाणी कधी येणार एवढेच हवे असते, सोडणाऱ्याशी त्यांना देणेघेणे नसते.

इथेही एक जागा सांभाळायची आहे. ‘पावसात भिजून तिला ताप आला.’ कडक नियम लावला तर ‘भिजून’चा कर्ता ती आणि ‘आला’चा कर्ता ताप, म्हणजे चूक. पण मराठी असे वाक्य आनंदाने चालवते, कारण भिजणारी आणि ताप भोगणारी एकच आहे आणि ती ‘तिला’च्या रूपाने वाक्यात हजर आहे. ‘बसून बसून मला कंटाळा आला’ हेही तसेच. ताप, राग, कंटाळा, झोप, भूक यांची वाक्ये दिसली की पेन्सिल खाली ठेवा.

पाचव्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. ‘ज्येष्ठ नागरिकांची मदत करावी’ हे हिंदीतून आलेले वळण. हिंदीत एखाद्याची मदत करतात. मराठीत एखाद्याला मदत करतात आणि एखाद्याची मदत घेतात किंवा होते. ‘तरुणांनी ज्येष्ठ नागरिकांची मदत’ इतके वाचून मराठी माणूस पुढे ‘घ्यावी’ येईल अशी अपेक्षा करतो, म्हणजे अर्थ थेट उलटा होतो. जिना चढणाऱ्या आजोबांना आधार द्यायचा, की आजोबांकडून सतरंज्या वर न्यायच्या? ‘नागरिकांना मदत करावी’ केले की प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट शब्दांच्या क्रमाची. ‘जिना चढताना तरुणांनी…’ असे सुरू झाले की जिना तरुण चढत आहेत असे वाटते, कारण ‘ताना’ला लागून तरुणच उभे आहेत. चढणारे आहेत ज्येष्ठ नागरिक. त्यांना उचलून ‘चढताना’च्या आधी ठेवा: ‘ज्येष्ठ नागरिकांना जिना चढताना तरुणांनी मदत करावी.’ एकही शब्द वाढला नाही. मराठीत शब्दांचा क्रम सैल असतो असे आपण म्हणतो आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण ‘ताना’, ‘ऊन’ आणि विशेषणे यांच्या बाबतीत जवळ कोण उभे आहे याने अर्थ बदलतो.

तिसरे वाचन: अक्षरे

आता शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे चौदा नियम ठरवले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली आणि हे अठरा नियम शासनानेही स्वीकारले. आपल्या नोटिशीत शुद्धलेखनाचे तीनच मुद्दे येतात, तेवढेच पाहू.

‘चढतांना’वरचा अनुस्वार काढायचा. पण अनेकांना वाटते की ‘मुलांना’वर आहे, मग ‘चढतांना’वर का नको? कारण ‘मुलांना’ हे नामाचे अनेकवचन आहे. नाम किंवा सर्वनाम अनेकवचनी असेल आणि त्याला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले, तर अनुस्वार येतो: लोकांना, घरांसमोर, त्यांच्याकडे. ‘चढताना’ हे क्रियापदावरून आलेले रूप आहे, त्याला वचनच नाही. एक जण चढो की दहा जण, ते ‘चढताना’च राहते. खूण लक्षात ठेवायची असेल, तर शब्दाला ‘कोणाला?’ विचारा. ‘चढणाऱ्यांना’ हे उत्तर येऊ शकते, तिथे अनुस्वार आहे. ‘चढताना’ हे ‘केव्हा?’चे उत्तर आहे, तिथे नाही.

‘तीन नंतर’ आणि ‘सेक्रेटरी कडे’ हे दोन्ही जोडून लिहायचे: तीननंतर, सेक्रेटरींकडे. ‘नंतर, कडे, साठी, मुळे, पर्यंत, मध्ये’ ही शब्दयोगी अव्यये आहेत. ती आधीच्या शब्दाला चिकटतात. मोबाइलच्या कीबोर्डवर शब्द सुचवला जातो, बोट लागते आणि मध्ये आपोआप रिकामी जागा पडते. त्यामुळे हल्ली ‘सोसायटी च्या’, ‘नाशिक मध्ये’ असे सगळीकडे दिसते. ‘नंतर’ मात्र एकटाही राहू शकतो. ‘आधी सभा, नंतर दूध’ यात तो स्वतंत्र शब्द आहे, कोणाला जोडायचा नाही. ‘सेक्रेटरींकडे’वरचा अनुस्वार मी मुद्दाम वाढवला आहे. सेक्रेटरी एकच असले तरी आपण त्यांना ‘अहो’ म्हणतो, आणि आदरार्थी अनेकवचनालाही तोच अनुस्वार लागतो. वॉचमनला मात्र याच नोटिशीत ‘वॉचमनने’ म्हटले आहे, ‘वॉचमननी’ नाही. व्याकरणाला दोन्ही चालतात. चालावे की नाही, हे सोसायटीने ठरवावे.

‘दूधाचे’चे ‘दुधाचे’ होते. दूध या शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराचा ऊ दीर्घ आहे. शब्दाला प्रत्यय लावायच्या आधी त्याचे जे रूप बदलते, म्हणजे सामान्यरूप होते, त्यात हा दीर्घ स्वर ह्रस्व होतो. दूध-दुधाला, फूल-फुलांचा, वकील-वकिलांना, गरीब-गरिबांना. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद: शरीर-शरीरात, सूत्र-सूत्राला, जीव-जीवाला. शब्द तीन अक्षरी असेल आणि पहिले अक्षर दीर्घ असेल, तर मधला ई किंवा ऊ पुष्कळदा पार नाहीसाच होतो: माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाला, पाऊस-पावसात. आपल्या गावाचे नावही बोलताना त्याच वाटेने जाते. नाशिकचा जुना माणूस ‘नाशकात’ म्हणतो. ते कोणी खोडले, तर त्याला पावसात काय होते ते विचारा.

राहिले ‘भेटतील’. प्रमाण मराठीत माणूस भेटतो आणि वस्तू मिळते, म्हणून नोटिशीत ‘पास मिळतील’ करायचे. पण हा बदल मी वेगळ्या रंगाने दाखवीन. आपल्याकडे ‘चावी भेटली का’, ‘रिक्षा भेटली नाही’ असे रोज बोलले जाते. बोलीत ते चुकीचे नाही, ती या भागाची बोलण्याची रीत आहे. फलकावरच्या मजकुरात प्रमाणभाषा अपेक्षित असते, एवढ्याच कारणाने तो शब्द बदलतो. कोणी संवाद लिहून आणला आणि त्यातला पात्राचा ‘भेटली’ तुम्ही ‘मिळाली’ केला, तर त्या पात्राचे गावच पुसले जाईल.

तीन वाचने झाल्यावर नोटीस अशी होते:

सर्व सभासदांना कळविण्यात येते की आपल्या सोसायटीची वार्षिक सभा रविवारी सायंकाळी गच्चीवर होईल. सभेनंतर तिथेच कोजागिरीचा कार्यक्रम होईल. ज्या सभासदांनी देखभालीचे पैसे अजून भरले नाहीत, त्यांनी ते सभेपूर्वी भरावेत. मागील महिन्यात वॉचमनने गच्चीचे कुलूप तोडणाऱ्या तीन मुलांना पकडले होते, म्हणून लहान मुलांना एकटे वर पाठवू नये. रविवारी पाण्याची टाकी साफ झाल्यावर दुपारी तीननंतर पाणी येईल. ज्येष्ठ नागरिकांना जिना चढताना तरुणांनी मदत करावी. मसाला दुधाचे पास सेक्रेटरींकडे मिळतील.

‘कळविण्यात’ मी ‘कळवण्यात’ केले नाही. दोन्ही रूपे बरोबर आहेत. फक्त एकाच मजकुरात एकदा ‘कळविण्यात’ आणि पुढे ‘ठरवण्यात’ असे झाले, तर एकसारखे करायचे. वॉचमन, सेक्रेटरी, पास यांनाही हात लावला नाही. ‘पहारेकरी’ किंवा ‘चिटणीस’ लिहिले असते तर मजकूर शुद्ध झाला असे वाटले असते, पण खालच्या मजल्यावरच्या आजींनी चिटणीस कोण, असे नक्की विचारले असते.

नोटीस नुसती प्रिंट काढून लावणार असाल, तर काम इथे संपले. पण तिचा फ्लेक्स करायचा असेल, तर दुकानातून आलेला नमुना पुन्हा वाचावा लागतो. छपाईच्या दुकानांत अनेकदा जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरतात. तुम्ही मोबाइलवरून पाठवलेला मजकूर त्या फॉन्टमध्ये बदलून घेतला जातो किंवा ऑपरेटर तो पाहून पुन्हा टाइप करतो. दोन्हींत नवी मोडतोड होते आणि तिच्या जागा ठरलेल्या असतात. ‘तोडणाऱ्या’मधला तो आडवा र तुटतो किंवा तिथे रफार येऊन ‘तोडणार्या’ होते. ‘नाहीत’चा ‘त’ आणि ‘सेक्रेटरींकडे’चा अनुस्वार गळतो. ‘ज्येष्ठ’चे ‘जेष्ठ’ होते, आणि तेही कधी कधी ऑपरेटरला तसेच बरोबर वाटते म्हणून. नमुना मोबाइलच्या पडद्यावर न वाचता मोठा करून पाहा, आपल्या दुरुस्त प्रतीशेजारी ठेवा आणि शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करून एकेक वाक्य उलट क्रमाने ताडा. सरळ क्रमाने वाचले की अर्थ ओळखीचा असल्यामुळे डोळे पुढे पळतात आणि गळलेला ‘त’ मनातल्या मनात भरून घेतात.